“कधीच नाही” हे स्पिन १/२ ला खरं आहे, सगळ्या अँग्युलर मोमेंटमला नाही

प्रश्न: Sx आणि Sz कम्यूट होत नाहीत म्हणून दोन्ही एकदम माहीत असू शकत नाहीत असं शिकवलंय. पण आधी Sz मोजला आणि लगेच Sx मोजला तर दोन्ही कळलेच ना? आणि हा नियम सगळ्याच अँग्युलर मोमेंटमला लागतो का?

उत्तर:

तुमचा दुसरा प्रश्न वाचला आणि हातातलं काम सोडून लिहायला बसलो, कारण नेमक्या ह्याच मुद्द्यावर एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत माझे मार्क गेलेत. ते सांगतोच, आधी पहिला प्रश्न उरकतो.

समजा १००० अणू Sz = +ħ/2 असलेले निवडून घेतले. ते x दिशेच्या मॅग्नेटमधून सोडले की साधारण ५०० Sx = +ħ/2 कडे जातात आणि ५०० उलट बाजूला. आता फक्त ते पहिले ५०० घ्या. तुमचं म्हणणं असं की ह्यांचं Sz पण + आहे आणि Sx पण +, दोन्ही कळलं. ठीक आहे, मग परत Sz मोजून बघा. ५०० च्या ५०० + यायला पाहिजेत. येतात साधारण २५० + आणि २५० −. म्हणजे सुरुवातीला जे Sz कळलं होतं ते Sx मोजल्यावर उरलंच नाही. तुमच्या वहीत दोन आकडे आहेत, पण ते एकाच अवस्थेचे नाहीत, एक आधीच्या अवस्थेचा आणि एक नंतरच्या.

आता माझी गोष्ट. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक होते. त्यांनी विचारलं, Lx आणि Lz कम्यूट होत नाहीत, तर दोन्हींची किंमत निश्चित आहे अशी एखादी अवस्था असू शकते का? मी म्हणालो, हो, l = 0. ते म्हणाले, नाही, कम्युटेटर शून्य नाही म्हणजे कॉमन आयगनस्टेट कधीच नसते, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी फळ्यावर जाऊन लिहायला लागलो की l = 0 वर Lx, Ly, Lz तिघंही शून्य देतात, त्यावर ते म्हणाले की शून्य ही काय किंमत झाली का, आणि पुढचा प्रश्न विचारला. मी गप्प बसलो, आमच्या विभागातले सरही काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर माझा मित्र म्हणाला की परीक्षकांचंच बरोबर असणार, तू उगाच अपवाद शोधत बसतोस. ह्या एका वाक्यावरून आमचं दोघांचं पुढे कित्येक महिने भांडण चाललं.

तर आता नीट मांडतो, म्हणजे तुमच्यावर ती वेळ आली तर फळ्यावर हेच लिहा. समजा |ψ> ही Sx आणि Sz दोघांची आयगनस्टेट आहे. मग SxSz|ψ> आणि SzSx|ψ> सारखेच येणार, कारण दोन्हीकडे नुसत्या दोन संख्यांचा गुणाकार होतो. म्हणजे [Sz, Sx]|ψ> = 0. पण [Sz, Sx] = iħSy, म्हणून Sy|ψ> = 0 यायला पाहिजे. स्पिन १/२ मध्ये Sy च्या आयगनव्हॅल्यू फक्त +ħ/2 आणि −ħ/2, शून्य त्यात नाहीच, त्यामुळे अशी |ψ> असूच शकत नाही. म्हणजे स्पिन १/२ साठी “कधीच नाही” हे शंभर टक्के बरोबर.

आता हीच चार वाक्यं L साठी म्हणा. शेवटी Ly|ψ> = 0 अशी अट येते, आणि l = 0 ला ती अट पूर्ण होते. विरोधाभास काहीच येत नाही. हायड्रोजनची 1s अवस्था घ्या, ती सगळ्या दिशांनी सारखी आहे, कुठल्याही अक्षाभोवती फिरवा, बदलत नाही, म्हणून Lx, Ly, Lz तिन्ही शून्य, अगदी निश्चित शून्य. आणि शून्य ही किंमतच आहे, हजार वेळा मोजलं तरी हजार वेळा शून्यच येणार, ह्याच्यापेक्षा निश्चित काय असतं? कम्युटेटर शून्य नाही ह्याचा खरा अर्थ एवढाच की सगळी स्पेस व्यापेल असा कॉमन आयगनस्टेट्सचा पूर्ण संच मिळत नाही. एखाददुसरी अवस्था सापडायला त्याची हरकत नाही.

ह्यात मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. त्याच परीक्षकांनी त्याच्या आधी मला १९२२ चा स्टर्न-गेरलाक प्रयोग विचारला होता आणि चांदीच्या अणूचे दोनच पट्टे का पडतात ह्याचं माझं उत्तर मान्य केलं होतं. उत्तर काय होतं, तर चांदीचा सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन 5s मध्ये असतो, आतली शेल्स भरलेली, म्हणजे ऑर्बिटल अँग्युलर मोमेंटम शून्य, म्हणून जे काही वळतं ते स्पिनमुळे. म्हणजे l = 0 ची अवस्था पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच मान्य केली होती. हे मला तिथे सुचलं नाही, घरी येताना सुचलं.

माझ्या मित्राचा शेवटचा मुद्दा अनसर्टन्टीचा होता. तो म्हणायचा की ΔSx·ΔSz शून्य होऊच शकत नाही. होतो. नियम असा आहे की ΔSx·ΔSz ≥ (ħ/2)|<Sy>|, उजवीकडे ħ नुसता नाही, त्याला <Sy> पण आहे. |↑> अवस्थेत ΔSz = 0, ΔSx = ħ/2 आणि <Sy> = 0, म्हणजे 0 ≥ 0, नियम मोडलेला नाही. म्हणून ही असमानता दाखवून “दोन्ही निश्चित नसतात” हे स्पिनसाठी सुद्धा सिद्ध होत नाही, त्यासाठी वरचा Sy|ψ> = 0 वालाच मार्ग पाहिजे. हे पटल्यावर तो भांडायचा थांबला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, वर मी SxSz लिहिलं म्हणजे “आधी Sz मोजा मग Sx मोजा” असं अजिबात नाही. ऑपरेटर लावणं म्हणजे मोजणं नव्हे. Sx|↑> = (ħ/2)|↓> येतं, त्यावरून बरेच जण लिहितात की Sx मोजला की स्पिन खाली होतो. चूक आहे. मोजल्यावर Sx ची एखादी आयगनस्टेट मिळते, म्हणजे (|↑> + |↓>)/√2 किंवा (|↑> − |↓>)/√2, प्रत्येकी निम्म्या वेळा. वरचे ५००-५०० आणि नंतरचे २५०-२५० तिथूनच येतात.

आणि मॅग्नेटने धक्का दिला म्हणून Sz बिघडला असं पण समजू नका. x मॅग्नेटमधले दोन्ही बीम, कोण कुठून गेलं ह्याची कुठेही नोंद न होता, नीट परत एकत्र आणले तर तत्त्वतः १००० च्या १००० Sz = +ħ/2 च मिळतात, मॅग्नेट तोच असून.