बर्फ फक्त तोंडाशी: गॅस कमी की कॅपिलरी चोक?

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर): जुना सिंगल डोअर फ्रीज आहे. फ्रीझरमध्ये जिथून पाइप आत येतो तिथेच वीतभर बर्फ जमतो, बाकी सगळं कोरडं. कॉम्प्रेसर थांबतच नाही. गॅस भरून घेतला, थोडे दिवस बरं वाटलं, आता पुन्हा तेच. गॅस गळतोय का?

उत्तर: असेलच असं नाही. गॅस कमी असो की फ्रीझरकडे द्रव नेणारी बारीक नळी, म्हणजे कॅपिलरी, अर्धवट तुंबलेली, फ्रीझरपर्यंत द्रव थोडाच पोचतो, पहिल्या वळणातच उकळून संपतो आणि पुढे नुसती वाफ फिरते. त्यामुळे बर्फ पाहून निदान होत नाही.

मेकॅनिकला चार्जिंग लाइनवर गेज लावून फ्रीज बंद करायला सांगा आणि काट्याकडे बघत बसा. गॅस कमी असेल तर काटा काही मिनिटांत चढतो, पण खालीच थांबतो. चोक असेल तर तो रेंगाळत, कितीतरी वेळ घेत वर सरकतो. दुसरी खूण मागच्या जाळीवर मिळते. चोकमध्ये वरच्या ओळी गरम आणि खालच्या जवळजवळ गार लागतात, कारण अडलेला द्रव तिथे साचतो. गॅस कमी असेल तर जाळी सगळीकडे जेमतेम कोमट.

चोक असेल तर भरलेल्या जादा गॅसने दाब वाढला, अरुंद वाटेतून थोडा जास्त द्रव ढकलला गेला, म्हणून ते दिवस बरे गेले. पुन्हा भरू नका. इंदूरच्या मे महिन्यात त्या वाढीव दाबाने कॉम्प्रेसर तापून ओव्हरलोडवर ट्रिप होईल.

प्रश्न (रामबाग, इंदूर): रात्रभर बंद ठेवून लावला की काही तास छान गार होतो, मग थंडावा जातो. हाही चोकच का?

उत्तर: बहुधा ओलाव्याचा. गॅसमधलं पाणी कॅपिलरी फ्रीझरमध्ये उघडते त्या टोकाशी गोठतं आणि बंद ठेवल्यावर वितळतं. थंडावा गेलेला असताना तिथे गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं धरा. एकदम सुस्स आवाज आला तर शंका उरत नाही. मग कॅपिलरीच्या आधी बसणारा, ओलावा टिपणारा फिल्टर नवा आणि पंपाने व्यवस्थित व्हॅक्यूम. थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढण्याचा शॉर्टकट इथे मुळीच चालत नाही. कचरा किंवा मेण अडकलेलं असेल तर मात्र फडक्याने काही फरक पडत नाही.

प्रश्न: फक्त फिल्टर बदलून भागेल का?

उत्तर: फिल्टरचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा स्पष्ट गार असेल किंवा त्यावर घाम येत असेल, तर भागेल. नसेल तर गॅस काढून कॅपिलरी फिल्टरपासून कापा, दोन-तीन सेंटिमीटर तोंड छाटा आणि सक्शनकडून बेताच्या दाबाने नायट्रोजन सोडा. कापलेल्या तोंडातून वारा जोरात आला पाहिजे. तसा येत नसेल तर कॅपिलरी बदला, पण त्याच भोकाची आणि त्याच लांबीची. बाजारात ०.०३१ आणि ०.०३६ इंच दोन्ही मिळतात, डोळ्यांना सारख्याच दिसतात आणि बदलाबदल झाली की फ्रीज कधीच नीट चालत नाही. ती नव्या फिल्टरमध्ये साधारण सेंटिमीटरभरच घाला. फिल्टरच्या आतल्या जाळीला टेकली तर नवाच चोक तयार होतो. प्लेटवर R600a लिहिलेलं असेल तर गॅस पूर्ण निघून नायट्रोजन फिरेपर्यंत ज्योत लावू देऊ नका, तो पेट घेतो. आणि भरताना गॅस वजनकाट्यावर, प्लेटवरच्या ग्रॅमइतकाच.