वारसा इमारत, टीडीआर आणि करसवलत: मालकाच्या हाती किती पडतं?

प्रश्न: आमची जुनी इमारत वारसा यादीत आहे, वर मजले चढवता येत नाहीत. बदल्यात टीडीआर आणि करसवलत मिळते म्हणतात. त्यातून दुरुस्तीचा खर्च निघतो का? हिशेब करून सांगाल?

उत्तर: बराचसा निघतो, सगळा क्वचितच. जुन्या इमारतींचं मूल्यांकन हेच माझं काम आहे, त्यामुळे कागदावर जसा हिशेब मांडतो तसाच इथे मांडतो.

भूखंड 800 चौरस मीटरचा आणि चटई निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा, 2 धरू. म्हणजे 1600 चौ.मी. बांधकाम करता आलं असतं. इमारत 1000 चौ.मी.ची आहे, तेव्हा 600 चौ.मी. हक्क शिल्लक राहतो. तो तुम्ही जागेवर वापरू शकत नाही, पण दुसऱ्या भागातल्या बिल्डरला विकू शकता. हाच टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. इथे एक गोष्ट आधी तपासा: 1000 हा आकडा मंजूर नकाशावरचा आहे की प्रत्यक्ष मोजणीचा? मागाहून बंद केलेल्या गॅलऱ्या आणि पोटमाळे मोजणीत धरले गेले, तर विकायचा हक्क तेवढाच कमी होतो.

पुढे येतो जमिनीचा दर. महागड्या भागातला 1 चौ.मी. आणि स्वस्त भागातला 1 चौ.मी. सारखे नसतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी नियमातच दरांचं गुणोत्तर लावतात. तुमच्याकडचा दर 3 आणि जिथे हक्क वापरायचा तिथला 2 असेल, तर 600 × 3/2 = 900 चौ.मी. होतात. उलट असेल तर 600 चे 400. गुणोत्तर लावलं नाही, तर सगळे स्वस्त भागातले हक्क घेऊन महागड्या भागात इमले चढवतील.

आता पैसे. चलन कुठलंही धरा. दुरुस्तीचा खर्च चौ.मी.ला 70, म्हणजे एकूण 70,000. टीडीआरचा भाव 60 मिळाला तर 900 × 60 = 54,000. त्यातून कर, दलाली आणि मुद्रांक मिळून 15 टक्के गेले की 45,900 उरतात. म्हणजे 24,100 ची तूट.

ही तूट करसवलतीने किती भरते ते बघू. अमेरिकेतल्या केंद्रीय योजनेचा नमुना घेतो, कारण तिचे नियम नेमके आहेत: पात्र दुरुस्ती खर्चाच्या 20 टक्के रक्कम देय आयकरातून थेट वजा होते, 5 वर्षांत समान वाटून. इमारत उत्पन्न देणारी हवी, स्वतः राहायचं घर चालत नाही. आणि 5 वर्षांच्या आत विकली तर सवलतीचा काही भाग परत भरावा लागतो. आपल्या उदाहरणात 20 टक्के म्हणजे 14,000, दर वर्षी 2,800. पण उद्याचा पैसा आजच्या किमतीत मोजला पाहिजे. 10 टक्के व्याजदर धरला तर त्याचे आज सुमारे 10,600 होतात. तरीही 13,500 स्वतःच्या खिशातूनच घालायचे.

इथेच बरेच मालक फसतात, आणि मला ते पाहून वाईट वाटतं. तुमचा वार्षिक आयकरच 2,800 पेक्षा कमी असेल तर उरलेली सवलत त्या वर्षी वापरता येत नाही, आणि ती पुढे नेता येईल की नाही हे कायद्यावर अवलंबून. मालमत्ता कराच्या सूटीचंही तेच: भाडं जुनं आणि कमी असेल तर करच मुळात किरकोळ, मग त्यातली निम्मी सूट म्हणजे किती? म्हणून आधी गेल्या तीन वर्षांची कराची बिलं पुढ्यात घ्या.

खरी जोखीम मात्र टीडीआरच्या भावात आहे. बाजारात एकदम खूप हक्क आले आणि भाव 60 चा 40 झाला, तर हातात 30,600 येतात आणि तूट 24,100 ची 39,400 होते. ज्या भागात हक्क वापरायला परवानगी आहे तिथे बांधकाम चालू नसेल, किंवा सरकार तिथे जादा निर्देशांक थोडं शुल्क घेऊन थेट देत असेल, तर तुमच्या हक्काचं टीडीआर प्रमाणपत्र कोण घेणार? न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा बांधायला परवानगी नाकारली, तेव्हा 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं नुकसान मोजताना हे हस्तांतरणीय हक्क विचारात घेतले. पण कायद्याने हक्क मान्य असणं आणि गिऱ्हाईक मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्ज करण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. प्रमाणपत्र एकदम मिळणार की दुरुस्तीच्या टप्प्यांनुसार? टप्प्यांनुसार असेल तर पहिल्या टप्प्याचा पैसा तुम्हालाच उभा करावा लागेल, आणि त्यावरचं व्याज वरच्या हिशेबात धरलेलं नाही. दुसरं, हक्क विकल्यावर भूखंडावर कायमचं बंधन नोंदवलं जातं, तेव्हा सहमालक असतील तर सगळ्यांच्या सह्या आधीच घ्या. एकाने अडवलं तर गिऱ्हाईक थांबत नाही.