नवजात बाळाला कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देताना

प्रश्न: कॅल्शियम कमी होऊन बाळाला झटके येत आहेत. ग्लुकोनेट किती द्यायचं, आणि शिरेबाहेर गेलं तर?

उत्तर: झटके येत असतील तर १०% कॅल्शियम ग्लुकोनेट किलोमागे २ मिली. ३ किलोच्या बाळाला ६ मिली होतात. त्यात तेवढंच ५% डेक्स्ट्रोज मिसळा आणि हे १२ मिली सिरिंज पंपाने किमान १० मिनिटांत द्या, म्हणजे वेग ताशी ७२ मिलीपेक्षा जास्त नको. मॉनिटर लावलेला हवाच. घाईने दिलं तर हृदयाचे ठोके मंदावतात. तसं दिसताच पंप थांबवा. त्याच नळीतून सोडा बायकार्ब देऊ नका, साका धरतो.

खरी काळजी सुईच्या जागेची. कॅल्शियम शिरेबाहेर झिरपलं की त्वचा आणि खालची ऊती मरते, पुढे तिथे कॅल्शियमचे कडक थर बसतात. म्हणून आधी सलाईन ढकलून शीर नीट चालते याची खात्री करा. डोक्यावरची शीर शक्यतो टाळा. जागा झाकू नका, सतत पाहत राहा. सूज, पांढरेपणा किंवा लाली दिसली की लगेच बंद करा. कॅन्युला लगेच उपसू नका, आधी तिच्यातूनच उरलेलं औषध ओढून घ्या. तो हात किंवा पाय उंच ठेवा, चोळू नका. हायलुरोनिडेज द्यायचं तर शक्यतो पहिल्या तासाभरात.