तक्रार नाही म्हणून गप्प बसायचं का?

*जळगाव एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्यात मी एचआर बघते. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर नवीन पोरांना सगळ्यांसमोर घालून पाडून बोलतात, त्यांच्या अहिराणीची नक्कल करतात, रजा मागितली की नाइट शिफ्ट लावतात. पोरं मला सांगतात, पण 'मॅडम, लिहून देणार नाही' म्हणतात. साहेब मालकांच्या जवळचे. लेखी तक्रारच नाही, तर मी काय करू?*

ताई, लेखी तक्रारीची वाट बघू नका. जो पोरगा रोज त्याच साहेबाच्या हाताखाली उभा राहतो, त्याच्याकडे सही मागणं म्हणजे सगळा भार त्याच्याच डोक्यावर टाकणं. तुम्हाला दिसतंय ना? मग सुरुवात तुमच्या स्वतःच्या नोंदीपासून करा.

नोंद कशी लिहिता यावर पुढचं सगळं ठरतं. 'साहेब फार वाईट बोलतात' हे वाक्य मालकांसमोर दोन मिनिटं टिकत नाही, 'अहो, स्वभावच कडक आहे त्यांचा' म्हणून विषय संपतो. त्याऐवजी असं लिहा: 'मंगळवार, सकाळी ७.१०, दोन नंबरच्या लाइनजवळ. पाइपची जाडी कमी आली. साहेब ट्रेनीला म्हणाले, "जा गावाकडं, म्हशी राख." सहा जण उभे होते. मग "मना", "तुना" करत त्याच्या बोलण्याची नक्कल. गुरुवारी त्याने रजा मागितली, शुक्रवारपासून नाइट.' शब्द जसेच्या तसे, स्वतः ऐकलेलं वेगळं, दुसऱ्याने सांगितलेलं वेगळं, आणि त्याच दिवशी लिहिलेलं. जाडी कमी आली म्हणून रागावणं हे साहेबांचं कामच आहे. म्हशी, नक्कल आणि नाइट यांचा जाडीशी काय संबंध? कडक माणूस चुकीवर बोलतो आणि चूक सुधारली की थांबतो. इथे चूक सुधारूनही पोराची सुटका होत नाही. नोंदीत हा फरक आपोआप दिसतो.

दुसरा पुरावा तुमच्याच कपाटात आहे. वर्षभराचे राजीनामे, नाकारलेल्या रजा आणि शिफ्टबदल लाइनप्रमाणे लावून बघा. समजा वर्षात ९ पोरं सोडून गेली आणि त्यातली ७ याच साहेबांच्या हाताखालची निघाली, तर तो कागद एकाही पोराचं नाव न घेता बोलतो.

पोरांशी बोलायचं तर एकेकट्याशी, आणि काचेच्या केबिनमध्ये नको. आपल्याकडे कोण कुठे बसलं होतं हे चहाच्या टपरीपर्यंत लगेच पोचतं. पीएफच्या किंवा बँकेच्या कागदासाठी तुम्ही सगळ्यांनाच बोलावता, त्याच ओघात बोला. 'कुणालाच कळणार नाही' असं वचन मात्र देऊ नका, ते पाळता येत नाही. 'तुला विचारल्याशिवाय तुझं नाव पुढे करणार नाही' एवढंच म्हणा.

सगळ्यात मोठी चूक होते ती इथून पुढे. दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' म्हणतात. पोरगा मान खाली घालून 'काही नाही साहेब' म्हणतो, आणि त्याच आठवड्यात त्याच्या नावावर स्क्रॅप चढायला लागतो. समेट बरोबरीच्या माणसांत होतो, इथे बरोबरी नाही. म्हणून नोंदी आणि तक्ता घेऊन आधी मालकांकडे किंवा साहेबांच्या वरिष्ठांकडे एकट्या जा. दोनच गोष्टी मागा. साहेबांना लेखी समज द्यावी, तीत कुठली वागणूक बंद करायची ते नेमकं लिहिलेलं असावं. आणि पुढचे तीन महिने त्या लाइनच्या रजा, शिफ्ट आणि स्क्रॅपच्या नोंदीवर साहेबांसोबत दुसऱ्या कुणाचीही सही लागावी. सूड याच तीन जागांतून घेतला जातो.

काही बाबी तुमच्या हातात ठेवूच नका. मुलीबाबत लैंगिक बोलणं किंवा वागणं असेल तर ते अंतर्गत समितीचं काम. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ती असावीच लागते, आणि तक्रारीची मुदत सर्वसाधारणपणे ३ महिने आहे. जातीवरून अपमान किंवा मारहाण झाली, तर पोलिसांत जाण्याचा हक्क त्या पोराचा आहे, तो त्याला स्पष्ट सांगा. आणि कुणी 'जगून काय करू' असं बोललं, तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन लावा.

समज दिल्यावर पंधरा दिवसांनी पोरांना पुन्हा विचारा. 'सगळं ठीक ना?' असं विचाराल तर 'हो मॅडम' हेच ऐकाल. विचारायचं असं: मागच्या आठवड्यात रजा मागितली होती का, मिळाली का, आणि तिच्यानंतरची शिफ्ट कुठली लागली?