रेडिएटरची कॅप ०.९ ची आहे, दुकानदार १.१ ची देतोय. घेऊ का? आणि कूलंट रोज कुठे जातंय?

प्रश्न: सोलापुरात आहे. अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. दर आठवड्याला अर्धा लिटर तरी पाणी घालावं लागतं, पण गाडीखाली थेंब नाही. परवा तुळजापूरचा घाट एसी लावून चढलो, वर गाडी बंद केली आणि बाटलीतून उकळतं पाणी बाहेर आलं. काटा लालपर्यंत गेला नव्हता. मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट गेलं, इंजिन उघडावं लागेल. कॅप जुनीच आहे, तिच्यावर ०.९ लिहिलंय. दुकानात १.१ ची मिळते. काय करू?

उत्तर:

इंजिन इतक्यात उघडू नका आणि १.१ ची कॅपही घेऊ नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं आधी कॅपकडे बोट दाखवतात, आणि गॅस्केटची शंका इंजिन न उघडता तपासता येते.

०.९ म्हणजे ०.९ बार, सुमारे १३ पीएसआय. बाहेरच्या हवेपेक्षा आत इतका जास्त दाब होईपर्यंत कॅपची स्प्रिंग खालचं रबर रेडिएटरच्या तोंडातल्या कडेवर दाबून धरते. त्यापुढे स्प्रिंग उचलते आणि कूलंट बारीक नळीने बाटलीत जातं. हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो, कारण दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, त्यामुळे उघड्या भांड्यात इथे पाणी ९८-९९ अंशांनाच उकळतं. ०.९ बार धरून ठेवणाऱ्या कॅपखाली तेच साधं पाणी ११८ अंशांपर्यंत शांत राहतं. स्प्रिंग मऊ पडून कॅप ०.३ बारलाच सोडू लागली, तर ही मर्यादा १०६ वर येते. कूलंट निम्मं-निम्मं असेल तर प्रत्येक आकड्यात आठेक अंश मिळवा.

आता तुमचा घाट बघा. ऊन, एसी आणि चढ एकत्र आले की कूलंट १००-१०५ अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळचं हेडचं लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम त्याहून बरंच गरम असतं. गाडी चालू असताना पंप पाणी फिरवत राहतो, म्हणून निभावतं. बंद केल्याक्षणी पंप थांबतो आणि हेडची सगळी उष्णता तिथे अडकलेल्या पाण्यात उतरते. कॅप धड असती तर पाणी उकळलं नसतं. कमजोर कॅपखाली ते उकळतं, आणि काटा लालपर्यंत न जाताही उकळतं, कारण काट्याला उकळबिंदू कळत नाही. तो फक्त सेन्सरजवळचं तापमान दाखवतो.

उकळल्यावर इतकं पाणी बाहेर का येतं, हेही समजून घ्या. त्या कमी दाबाला एक मिली पाण्याची वाफ झाली की तिला जवळपास सव्वा ते दीड लिटर जागा लागते. म्हणजे हेडमध्ये चमचाभरही पाणी वाफ झालं, तर ती वाफ पुढचं पाणी ढकलत बाटलीत नेते, बाटली भरते आणि वरून सांडते. बाहेर पडलेलं पाणी उकळून संपलेलं नसतं, वाफेने ढकलून दिलेलं असतं. म्हणूनच एका झटक्यात अर्धा लिटर जातं.

रोजचा तोटा वेगळ्या वाटेने होतो. चार लिटरची कूलिंग सिस्टीम धरली, तर ती थंडीतून गरम होताना दीडशे मिलीच्या आसपास फुगते. हे जादा पाणी बाटलीत जातं. रात्री इंजिन थंड होताना आत पोकळी तयार होते, कॅपच्या मधली छोटी झडप उघडते आणि तेवढंच पाणी परत ओढलं जातं. कॅप जुनी झाली की इथे दोन गोष्टी बिघडतात. खालचं रबर लवकर सोडतं, त्यामुळे बाटलीत गरजेपेक्षा जास्त पाणी जातं, आणि गाडी पळत असताना ते सांडून वाऱ्यावर वाळतं. दुसरं म्हणजे मधली झडप गंजून अडकते किंवा वरचं रुंद रबर कडक होऊन हवा आत घेतं, त्यामुळे परतीच्या वेळी पाण्याऐवजी हवा ओढली जाते. रेडिएटर रिकामा आणि बाटली भरलेली, हे दृश्य दिसलं की परतीची वाट बिघडली समजा. गाडीखाली थेंब न पडण्याचं कारण हेच असू शकतं. बाटलीच्या वरच्या नळीभोवती आणि फेंडरच्या आतल्या बाजूला वाळलेला हिरवा, गुलाबी किंवा पांढरा डाग आहे का ते बघा.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट याहूनही वाईट होते आहे, आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आठवड्याला अर्धा लिटर कूलंट बाहेर जातं आणि तुम्ही तेवढंच पाणी घालता. चार लिटरमधला आठवा भाग दर आठवड्याला पाण्याने बदलतो. निम्म्या कूलंटपासून सुरुवात केली, तर चार आठवड्यांनी ते तीस टक्क्यांखाली येतं आणि आठ आठवड्यांनी सतराच्या आसपास. उकळबिंदू खाली सरकतो आणि गंजरोधकही पातळ होतं. त्यात बोअरचं पाणी घातलं असेल तर त्यातले क्षार रेडिएटरच्या तोंडातल्या त्याच कडेवर बसतात, जिथे कॅपचं रबर टेकायला हवं. मग नवी कॅपही नीट बसत नाही.

आता तपासणी. सकाळी, इंजिन रात्रभर थंड असतानाच कॅप काढा. गरम गाडीची कॅप कधीही उघडू नका. वरचा होज हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याला तासाभराहून जास्त लागतो. थंड असली तरी जाड फडकं टाकून आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुसफुस थांबली की मग दाबून पुढे.

खालच्या रबराला भेगा आहेत का, ते दगडासारखं झालंय का, त्यावर कडेचा खोल ठसा उमटलाय का बघा. तिन्हीपैकी एकही असेल तर कॅप गेली. अंगठ्याने स्प्रिंग दाबा, ती तिरकी किंवा अडखळत जाऊ नये. मधली बारीक चकती नखाने ओढा. ती सहज उघडून लगेच परत बसायला हवी. काही कॅपमध्ये ती चकती मुळातच सैल लोंबकळते, तो दोष नाही. नंतर टॉर्च घेऊन रेडिएटरच्या तोंडात बघा. कडेवरचा थर ओल्या कापडाने पुसून काढा, पण स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, तिथे ओरखडा पडला की तीच गळतीची जागा होते. बारीक नळीला चीर नाही ना, आणि बाटलीत तिचं टोक पाण्यात बुडालेलं आहे ना, हेही तिथेच बघून घ्या.

खात्रीची परीक्षा मात्र हातपंपावर होते. प्रेशर टेस्टर असलेल्या गॅरेजमध्ये कॅप अडॅप्टरवर लावून, रबर ओलं करून पंप मारतात. ०.९ ची नवी कॅप साधारण ०.७५ ते १ बारच्या दरम्यान सोडते. ०.६ च्या आत सोडत असेल तर ती टाकायची. नुसत्या डोळ्यांना चांगली दिसणारी कॅपही पंपावर नापास होते, कारण स्प्रिंगचा थकवा दिसत नाही.

हेड गॅस्केटची शंकाही अशीच निकालात काढा. थंड गाडी सुरू करून वरचा होज हाताने दाबत राहा. इंजिन कोमट होण्याआधीच, एक-दोन मिनिटांत होज टणक झाला, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. याउलट पूर्ण गरम झाल्यावरही होज फडक्याने दाबला असता मऊच लागला, तर दाब धरलाच जात नाही, म्हणजे कॅप किंवा कुठली तरी गळती. पक्कं करायचं तर ब्लॉक टेस्टर मागा. त्याच्या निळ्या द्रावातून रेडिएटरमधली हवा ओढतात. पेट्रोल गाडीत द्राव पिवळा झाला तरच मिस्त्रीचं म्हणणं खरं.

१.१ का नको, याचं कारण असं की जास्त दाबाची कॅप इंजिन थंड करत नाही, ती फक्त उकळणं पुढे ढकलते. वाढलेला दाब मात्र अकरा वर्षांच्या होजवर, हीटरच्या जाळीवर आणि रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या जोडावर पडतो. जिथे सगळ्यात कच्चं आहे तिथे ते सुटतं. गाडीच्या पुस्तकात आणि जुन्या कॅपवर जो आकडा आहे तोच घ्या. आकड्याइतकीच खोलीही जुळली पाहिजे. जुनी आणि नवी कॅप शेजारी धरून वरच्या पत्र्यापासून खालच्या रबरापर्यंतचं अंतर बघा. नवी दोन मिलिमीटरने जरी आखूड असली, तरी स्प्रिंग पुरेशी दबत नाही आणि ०.९ छापलेली कॅप त्याहून बरीच आधी सोडते. बाजारात या फसवणुकीला फार जण बळी पडतात. म्हणून जुनी कॅप सोबत घेऊन जा.

कॅप बदलताना पातळ झालेलं जुनं पाणीही काढून टाका आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं कूलंट भरा, किंवा आधीच मिसळलेलं तयार घ्या. इंजिन थंड असताना रेडिएटर तोंडापर्यंत आणि बाटली खालच्या खुणेच्या थोडी वर भरा. बाटलीवर टेपने सकाळची पातळी खुणावून ठेवा. गाडी फिरवून आणल्यावर पातळी बोट-दोन बोटं वर जाईल आणि दुसऱ्या सकाळी परत टेपवर येईल. सलग चार दिवस तसं झालं, की एसी लावून पुन्हा घाट चढून बघा. तरीही पातळी उतरत राहिली, तर थंड इंजिनावर टेस्टरने पूर्ण सिस्टीमला ०.९ बारपर्यंतच, त्यापुढे नाही, हवा भरून दहा मिनिटं काटा बघा. काटा घसरला तर वॉटर पंपाच्या खालचं बारीक छिद्र आणि हीटरखालचा पायाजवळचा गालिचा ओला आहे का ते तपासा.