ताप उतरवायचा की मूल सांभाळायचं?

पोरी,

पंचवटीतल्या त्या आईने तुझ्या औषधाच्या दुकानात काउंटरवर आवाज चढवला आणि तू गांगरलीस, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. सकाळी १०२, सिरप दिल्यावर १००, चार तासांनी पुन्हा १०२; "हे लागू पडत नाही, जोरदार काहीतरी द्या." आणि तू मला विचारतेस की मेफेनॅमिक ॲसिड द्यावं का? नाही, द्यायचं नाही. पॅरासिटामॉलने आपलं काम चोख केलं होतं. त्याच्याकडून तापमान एक ते दीड अंश सेल्सिअसने, म्हणजे फॅरनहाइटच्या दोन-अडीच अंशांनी उतरावं, तेही काही तासांपुरतं, एवढीच अपेक्षा असते. जंतू अंगात आहेत तोवर ताप परत चढणारच. आकडा बघू नकोस, मूल बघ.

ताप जंतू आणत नाहीत, शरीर स्वतः आणतं. जंतू दिसताच पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिनसारखे निरोप रक्तात सोडतात. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपाशी त्यातून प्रोस्टाग्लॅंडिन ई-२ तयार होतं आणि शरीराची ठरलेली पातळी ९८.६ वरून, समज, १०२ वर जाते. आता ९९ अंशाचं अंगही शरीराला थंड वाटतं. म्हणून हातपाय गार पडतात, कातडीकडचं रक्त आत ओढलं जातं, हुडहुडी भरते. अशा वेळी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या की हुडहुडी वाढते, मूल रडतं आणि पातळी तिथेच राहते. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लॅंडिनच कमी करतं, त्यामुळे पातळी खाली येते आणि घाम फुटतो. जंतूंना ते हातही लावत नाही.

एवढा खटाटोप शरीर उगाच करत नाही. सर्दीचे रायनोव्हायरस नाकातल्या ३३ ते ३५ अंश सेल्सिअसला चांगले वाढतात, त्याहून गरम जागी मंदावतात. तापात पांढऱ्या पेशी जास्त चपळ होतात. रक्तातलं लोह शरीर लपवून ठेवतं आणि नेमकं गरम वातावरणात बऱ्याच जिवाणूंना ते मिळवणं अवघड जातं. १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना जिवाणूंचा संसर्ग देऊन वेगवेगळ्या तापमानांत ठेवलं. सरडा स्वतःचं अंग तापवू शकत नाही, त्याला ऊन शोधावं लागतं. गरम ठेवलेले बहुतेक जगले, थंड ठेवलेले बहुतेक मेले. मात्र यावरून "माणसाला तापाचं औषध म्हणजे विष" असं ठरत नाही. योग्य मात्रेतलं पॅरासिटामॉल सुरक्षित आहे. माझा हट्ट एवढाच, की ते मुलासाठी द्यावं, थर्मामीटरसाठी नाही.

मग द्यायचं कधी? मूल कण्हतंय, दूध-पाणी तोंडात घेत नाही, अंगदुखीने झोपत नाही, तेव्हा जरूर द्यायचं. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णालाही द्यावं लागतं, कारण दर अंश सेल्सिअसमागे शरीराची ऑक्सिजनची गरज साधारण दहा टक्क्यांनी वाढते. १०१ ताप असलेलं, खेळणारं, शू करणारं पोर मात्र तसंच राहू दे. औषधाने तापातली आकडी टळते असं आया समजतात, टळत नाही.

त्या आईला काय विचारायला हवं होतं ते सांगतो. आधी मुलाचं वजन. समज, १२ किलो. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२० ते १८० मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर आणि २४ तासांत चारच डोस. सिरप ५ मिलीत १२० चं असेल तर ५ ते साडेसात मिली; २५० चं असेल तर अडीच ते साडेतीन मिली पुरे. आणि ड्रॉप्स? त्यांच्या एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. कुणी सिरपच्या सवयीने ड्रॉप्स ५ मिली पाजले तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातं, जवळजवळ तिप्पट, आणि असं चार वेळा झालं तर यकृतावर बेततं. म्हणून बाटली हातात घेऊन लेबल वाच, सोबतच्या मापाने किती मिली ते दाखव, घरचा चमचा नको म्हणून सांग. सर्दी-तापाच्या मिश्रणातही पॅरासिटामॉल असतं. दुसरं काय पाजलंय ते विचारल्याशिवाय बाटली देऊ नकोस.

पावसाळ्यानंतर आपल्या नाशकात डेंग्यू वाढतो. त्या दिवसांत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांतलं काहीही नको, रक्तस्राव वाढू शकतो. आणि डेंग्यूत खरा धोका बरेचदा ताप उतरल्यावर, तिसऱ्या ते सातव्या दिवसांत येतो. पोट सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडून मूल मलूल होणं, लघवी कमी होणं. थर्मामीटरवर ९८ दिसलं म्हणून घरचे निर्धास्त होतात, तिथेच चूक होते. पुन्हा सांगतो, मूल बघ.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि १००.४ ताप असेल, तर सिरप काढूच नकोस. लगेच दवाखान्यात पाठव. मान आखडली असेल, धाप लागली असेल, जागं करूनही मूल नीट प्रतिसाद देत नसेल, तरी तेच.

ती आई आज परत आली तर आधी विचार, की मुलाने शेवटची शू कधी केली.