सगळी कर्जं एकत्र करू नका, हप्त्यांचं खातं वेगळं करा

प्रश्न: एकट्याच्या पगारावर घर चालतं आणि चार हप्ते आहेत. पगार आठवड्यात संपतो. महिन्याचं बजेट कसं बसवायचं? सगळी कर्जं एकत्र करून एकच हप्ता केला तर बरं पडेल का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले, कारण याच वाक्यावरून आमच्या घरात गौरी-गणपतीच्या जेवणावळीत वाद झाला होता आणि तो अजून मिटलेला नाही.

आमचे हे कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला आहेत. हातात 41,000 येतात. तेव्हा हप्ते चार होते: घराचा 11,200, सासूबाईंच्या ऑपरेशनला काढलेल्या पर्सनल लोनचा 4,821, गाडीचा 2,956 आणि फ्रिजचा 2,250. म्हणजे महिन्याला 21,000 च्या वर नुसते हप्त्यात जात होते. पर्सनल लोनचे 1,20,000 बाकी होते आणि तीस हप्ते उरले होते. आमचे धाकटे भावजी एका एजंटकडून कागद घेऊन आले. म्हणाले, "वैनी, घराच्या कर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज घ्या आणि हे पंधरा टक्क्यांचं फेडून टाका. टॉप-अप साडेनऊ टक्क्यांनी मिळतंय. हप्ता 4,800 वरून साडेबाराशेवर येतोय, आणि काय पाहिजे?"

सगळ्यांना पटलं. सासऱ्यांनासुद्धा. मी ताटं काढली आणि कॅलेंडरच्या पाठीमागं मांडायला बसले. पंधरा टक्क्यांनी तीस हप्ते भरले तर एकूण जातात 1,44,600 च्या आसपास, म्हणजे व्याज साधारण पंचवीस हजार. टॉप-अपची मुदत घराच्या कर्जाइतकी, पंधरा वर्षं. 1,253 गुणिले 180 केलं तर 2,25,500. व्याज एक लाख पाच हजार! व्याजाचा दर कमी आणि व्याज चौपट. दर किती यापेक्षा किती वर्षं भरायचं हे बघायचं असतं, एवढंच मी त्या दिवशी सांगत होते. भावजींचं म्हणणं, "महिन्याला साडेतीन हजार मोकळे होतात ते दिसत नाही का?" दिसतात. पण मोकळे झालेले साडेतीन हजार कुठल्याही घरात शिल्लक राहत नाहीत. त्यांनीच दोन वर्षांपूर्वी असं एकत्रीकरण केलं आणि सहा महिन्यांत नवा टीव्ही हप्त्यावर आणला.

म्हणून माझं स्पष्ट मत, एकत्र करू नका. आता बजेटचं सांगते.

पगार आठवड्यात संपतो याचं कारण बहुतेक घरांत खर्च जास्त हे नसतं, तारखा असतात. आमचा पगार सात तारखेला, कधी कधी दहाला. फ्रिजचा हप्ता होता दोनला, घराचा पाचला. म्हणजे सातला आलेल्या पगारातून पुढच्या महिन्याच्या दोन आणि पाच तारखेचे पैसे जवळजवळ चार आठवडे त्याच खात्यात पडून राहतात, ज्यातून आपण गूगल पे करतो. ते राहणारच नाहीत. एकदा पगार लांबला आणि पर्सनल लोनचा हप्ता तटला. कर्ज देणाऱ्यांनी बाऊन्स चार्ज लावला, आपल्या बँकेनं वेगळा लावला. शिवाय सिबिलमध्ये नोंद होते ती वेगळीच.

तेव्हापासून हप्त्यांचं खातं वेगळं आहे. त्याला एटीएम कार्ड नाही, यूपीआय जोडलेलं नाही. सगळ्या हप्त्यांचे मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, त्या खात्यावर बदलून घेतले. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी नवा फॉर्म भरावा लागतो आणि बदल व्हायला वेळ जातो, तोवर जुन्या खात्यातही पैसे ठेवायचे. पगार आला की त्याच दिवशी 21,300 तिकडं. एक जादा महिन्याचे हप्ते दिवाळीच्या बोनसमधून तिथं कायमचे ठेवलेत. पगार बारा तारखेला आला तरी आता घरात कुणाचा आवाज चढत नाही.

उरले 19,700. त्यातले 2,500 लगेच बाजूला, आरडीत. हे वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाचे: घरफाळा, गाडीचा विमा, जूनमधल्या वह्या-गणवेश, आणि उन्हाळ्यात चटणीसाठीची मिरची. वर्षाची चटणी एकदम करायची तर मिरची, खोबरं, मसाला, डंकाची कांडणावळ धरून चांगलाच आकडा होतो. तो माहीत असूनही दरवर्षी लोक मार्चमध्ये भिशी उचलतात किंवा कुणाकडं तरी हात पसरतात. वर्षाचे असे सगळे खर्च लिहा, बेरजेला बाराने भागा.

मग दूध, लाईट, गॅस, पेट्रोल, शिकवणी यांना आठ हजार. राहिलेल्या नऊ-सव्वानऊ हजारांचे चार भाग करून दर सोमवारी 2,300 रोख काढायचे. भाजी, किराणा, औषधपाणी, पाहुणारावळा सगळं त्यात. शनिवारी संपले तर रविवारी पिठलं-भात. किराणा लक्ष्मीपुरीतून महिन्याचा एकदम भरला तर पहिला आठवडा जड जातो, म्हणून तो आम्ही दोन वेळा आणतो.

हप्ता संपला की खरी परीक्षा. फ्रिजचा संपला तेव्हा ते 2,250 घरखर्चात घेतले नाहीत, पगारादिवशी पूर्वीइतकीच रक्कम हप्त्यांच्या खात्यात जात राहिली. पुढं गाडीचा संपेल तेव्हाही तेच. साठलेलं कुठं भरायचं? भावजी म्हणतात, महागडं आधी बंद करा. ऐकायला बरोबर आहे, पण आमच्या पर्सनल लोनला मुदतीआधी बंद केलं तर बाकीच्या चार टक्के आणि वर जीएसटी. शेवटच्या वर्षात हप्त्यात व्याज थोडंच राहिलेलं असतं, तेव्हा बंद करून जे वाचतं ते बरंचसं दंडातच जातं. घराचं कर्ज बदलत्या दराचं आणि स्वतःच्या नावावर असेल तर मधे भरलेल्या रकमेवर दंड लावता येत नाही. आम्ही तिथं भरतो, आणि बँकेला लिहून देतो की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. लिहून दिलं नाही तर कुठं कुठं हप्ता कमी करून टाकतात.

एक मात्र आहे. तुमचे हप्ते दर महिन्याला तटतच असतील, किंवा एखादं कर्ज क्रेडिट कार्डाचं असेल आणि तुम्ही फक्त किमान रक्कम भरत असाल, तर माझा हिशेब तुम्हाला लागू नाही. कार्डाचं व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढं असू शकतं, ते कुठल्याही स्वस्त कर्जानं फेडलेलं बरं. आणि टॉप-अप घेणारच असाल तर त्याची मुदत तीन वर्षं लिहून घ्या. आमच्या 1,20,000 ला तीन वर्षांचा हप्ता 3,844 बसत होता आणि व्याज अठरा हजार. जुनं बंद करायचा दंड साडेपाच हजारांच्या वर, टॉप-अपची प्रोसेसिंग फी वेगळी. म्हणजे वाचणारं तिथंच संपत होतं. भावजींच्या एजंटच्या कागदावर ना मुदतीचा रकाना होता, ना दंडाचा.